पाकिटावरचा नंबर लागेना : टॅबमधलं डेटा सिम आणि फोनमधलं सिम

आजच्या भागाची सुरुवात पापडाच्या पाकिटापासून करते.

आमच्या शेजारच्या गावात एक बचत गट आहे. दहा जणी नाचणीचे आणि उडदाचे पापड करतात. मागच्या वर्षी त्यांनी गटाच्या नफ्यातून एक टॅब घेतला. सभेच्या नोंदी, मालाचे फोटो, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, सगळं त्यावर करायचं असं ठरलं. टॅबसाठी सचिवताईंनी नवीन सिम घेतलं. दुकानदाराने सांगितलं, "ताई, टॅबला डेटा सिम घ्या, तेच बरं पडेल." सिमच्या पाकिटावर दहा आकडी नंबर होता. ताईंना वाटलं, बरं झालं, गटाला स्वतःचा नंबर मिळाला. दिवाळीच्या आधी पापडाच्या पाकिटांवर लावायला पाचशे लेबलं छापली आणि त्यावर हाच नंबर टाकला.

माल विकला गेला, पण फोनवर एकही मागणी आली नाही. सगळ्यांना वाटलं, लोकांना पापड आवडले नसतील. शेवटी आठवडी बाजारात एक किराणावाला भेटला आणि म्हणाला, "अहो मावशी, तुमचा नंबर लागतच नाही. मी तीनदा लावला. मग दुसरीकडून माल घेतला." त्यांनी तिथेच नंबर लावून बघितला. पलीकडून नुसती रेकॉर्ड केलेली बाई बोलली.

सिम खराब नव्हतं आणि टॅबही बिघडला नव्हता. त्या सिमवर फोन येण्याची सोयच नव्हती. हे असं का, आणि आपल्या गटाला कोणतं सिम लागतं हे कसं ठरवायचं, ते आज बघू.

रेशनकार्ड आठवा. दोन घरांची कार्डं दिसायला सारखीच असतात, पण एका कार्डावर गहू-तांदूळ मिळतो आणि दुसऱ्यावर काहीच मिळत नाही. कोणाला काय द्यायचं ते सरकारी नोंदीत लिहिलेलं असतं. सिमचंही तसंच आहे. सिम म्हणजे आपली ओळख सांगणारं कार्ड. टॅबमध्ये ते घातलं की टॅब टॉवरला ही ओळख दाखवतो. कंपनी आपल्या नोंदीत बघते की या सिमला काय काय द्यायचं आहे. साध्या सिमच्या नोंदीत बोलणं, एसएमएस आणि इंटरनेट तिन्ही असतात. डेटा सिमच्या नोंदीत फक्त इंटरनेट असतं, बोलणं बंद ठेवलेलं असतं. एसएमएस येतात की नाही, हे कंपनी आणि योजना बघून ठरतं.

मग डेटा सिमला नंबर कशाला दिलेला असतो? रिचार्ज करायला आणि कंपनीला हिशोब ठेवायला. तो नंबर वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकासारखा समजा. ग्राहक क्रमांकावर कोणी आपल्याला हाक मारू शकत नाही.

इथे एक शंका हमखास येते. "पण आम्ही त्याच टॅबवरून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो की!" बरोबर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं इंटरनेटमधून जातं, त्यामुळे ते डेटा सिमवर चालतं. पण किराणावाल्याने साध्या फोनवरून आकडे दाबून लावलेला फोन त्या रस्त्याने येत नाही.

ही झाली सिमची बाजू. आता यंत्राची बाजू बघा, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. काही गट म्हणतात, "आम्ही टॅबमध्ये साधंच सिम घालतो, म्हणजे फोनही येतील." येतीलच असं नाही. आयपॅडमध्ये बोलण्याचं सिम घातलं तरी साधा फोन लागत नाही. अँड्रॉइड टॅबमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. काहींवर फोन करता येतो, काहींवर फक्त इंटरनेट चालतं. आणि ज्या टॅबवर फक्त वाय-फाय आहे, त्यात सिमला जागाच नसते.

आपला टॅब कोणत्या प्रकारचा आहे ते घरबसल्या कळतं. आधी `Settings` मध्ये जाऊन `About tablet` उघडा. तिथे कुठे `IMEI` लिहून पुढे पंधरा आकडे दिसले, तर टॅबला सिम चालतं. ते कुठेच नसेल तर टॅब फक्त वाय-फायचा आहे, त्यासाठी सिम विकत घेऊ नका. त्यानंतर टॅबवर हिरव्या किंवा निळ्या रिसीव्हरचं चिन्ह असलेलं, आकडे दाबायचं `Phone` अ‍ॅप आहे का बघा. ते नसेल तर त्या टॅबवरून साधा फोन होणार नाही, सिम कोणतंही घाला. ते असेल तर ओळखीच्या कोणाचं तरी चालू सिम पाच मिनिटं टॅबमध्ये घाला. दुसऱ्या फोनवरून त्यावर एक फोन लावा आणि एक एसएमएस पाठवा. दोन्ही टॅबवर आले, तर टॅब बोलणारा आहे हे नक्की झालं.

म्हणजे फोन यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. सिमवर बोलण्याची सोय हवी आणि यंत्रालाही बोलता यायला हवं. एकही कमी पडली तर फोन येणार नाही, इंटरनेट मात्र चालत राहील. म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. इंटरनेट चालू दिसतं, आणि आपण समजतो की सगळंच चालू आहे.

आता पैशाची गोष्ट. इथे नीट कान द्या.

पापडाच्या गटाने लेबलाची चूक कळल्यावर दुसरी चूक करायची तयारी केली होती. सचिवताई म्हणाल्या, "माझ्या बटणाच्या फोनमधलं सिम टॅबमध्ये घालते. ते बोलण्याचं आहे." पण तोच नंबर गटाच्या बँक खात्याला जोडलेला होता. त्यांच्या टॅबवर `Phone` अ‍ॅप नव्हतं आणि एसएमएसही दिसत नव्हते. सिम टॅबमध्ये गेलं असतं, तर खात्यातून पैसे निघाल्याचा संदेश कोणालाच दिसला नसता. ओटीपी कुठेतरी येऊन पडला असता आणि व्यवहार अडकला असता. बँकेतून फोन आला असता तर तोही लागला नसता.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ओटीपी नंबरावर येतो. आपण काम कोणत्या यंत्रावर करतोय, याच्याशी त्याचा संबंध नसतो. टॅबवर एखादा फॉर्म भरला, तर ओटीपी त्या फॉर्मशी किंवा आधारशी जोडलेल्या नंबरावर जातो. तो नंबर बटणाच्या फोनमध्ये असला तरी काही अडत नाही. फोनवर आकडे वाचायचे आणि टॅबवर लिहायचे. त्यासाठी सिम इकडून तिकडे हलवायची गरज नाही.

याला एक अपवाद आहे, तो यूपीआयचा. यूपीआयचं अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना त्या यंत्रातूनच, बँकेत नोंदलेल्या नंबरावरून, एक एसएमएस आपोआप बाहेर जातो. हे सिम याच यंत्रात आहे, याची बँक अशी खात्री करून घेते. त्यामुळे डेटा सिमच्या टॅबवर यूपीआय सुरू होत नाही, कितीही वेळा प्रयत्न केला तरी. यूपीआय बँकेचा नंबर असलेल्या स्मार्टफोनवरच ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही. ते टॅबवर घेता येतं. फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Linked devices` उघडा आणि टॅबवर दिसणारा चौकोनी कोड फोनने टिपा. नंबर फोनमध्येच राहतो आणि टॅबवर गप्पा दिसायला लागतात. फक्त फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप चौदा दिवसांतून एकदा तरी उघडत जा, नाहीतर टॅबवरची जोडणी सुटते.

आता डेटा सिम टॅबमध्ये घालायचं कसं? टॅब बंद करा. कडेच्या बारीक भोकात सोबत आलेली पिन दाबली की कप्पा बाहेर येतो. पिन भलत्या भोकात घालू नका, शेजारचं भोक माइकचं असू शकतं. कप्प्यात सिमचा कापलेला कोपरा जुळवून ठेवा, कप्पा आत ढकला आणि टॅब सुरू करा. वर उभ्या दांड्या दिसल्या की वाय-फाय बंद करा, `Mobile data` चालू करा आणि एखादं पान उघडून बघा. वाय-फाय आधी बंद करायचं, म्हणजे इंटरनेट सिमवरूनच येतंय हे कळतं.

दांड्या दिसतात पण काहीच उघडत नाही, असं झालं तर आधी रिचार्ज चालू आहे का बघा. तो चालू असेल तर बहुतेक वेळा `APN` ची नोंद चुकलेली असते. टॅबने इंटरनेटसाठी कंपनीच्या कोणत्या दारातून आत जायचं, ते नाव म्हणजे `APN`. सहसा ते आपोआप भरलं जातं. पण टॅब जुना असेल किंवा आधी त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम असेल, तर चुकीचं राहून जातं. `Settings` मध्ये मोबाइल नेटवर्कच्या भागात `Access Point Names` असतं. तिथे जिओच्या सिमला `jionet`, एअरटेलला `airtelgprs.com`, व्हीला `www` आणि बीएसएनएलला `bsnlnet` असं असतं. सगळी अक्षरं लहान लिपीत लिहायची आणि मध्ये जागा सोडायची नाही. एखाद्या कार्यालयाने गटाला सिम दिलं असेल, तर त्याचं नाव वेगळं असू शकतं. तेव्हा बदलण्याआधी त्यांना विचारा, आणि जुनं नाव वहीत लिहून ठेवा.

काही गटांकडे सिम घालायचा लॅपटॉपही असतो. त्याची रीत तीच आहे, पण तिथे एक फसगत होते. सिमचा कप्पा असतो आणि आत यंत्रच बसवलेलं नसतं, असेही लॅपटॉप मिळतात. विंडोजमध्ये `Settings` उघडून `Network & internet` मध्ये जा. तिथे `Cellular` हे नाव दिसलं तर सिम चालेल. दिसलं नाही तर दुकानदाराला विचारल्याशिवाय सिम घेऊ नका. `Cellular` उघडलंत की आत `Metered connection` चालू आहे का तेही बघून घ्या. ते चालू असलं की मोठमोठी अपडेट्स आपल्या विकतच्या डेटावर उतरत नाहीत.

मग टॅबला साधं सिम घ्यावं की डेटा सिम? पापडाच्या गटाने हा हिशोब वहीवर मांडला, तोच सांगते.

त्यांचा टॅब आठवड्यातून एकदाच, सभेच्या दिवशी उघडतो. त्या दिवशी दोन तास प्रशिक्षणाचे व्हिडिओ चालतात. मध्यम चित्रावर तासाला साधारण 0.6 जीबी लागतो, म्हणजे दोन तासांचे 1.2 जीबी. पंधरा फोटो पाठवायचे, एकेक 3 एमबीचा, म्हणजे 45 एमबी. अर्धा तास व्हिडिओवर बोलणं, त्याला 0.3 जीबी धरला. नोंदींना अगदी थोडा डेटा लागतो. सगळं मिळून एका सभेला सुमारे 1.6 जीबी आणि महिन्याच्या चार सभांना सुमारे साडेसहा जीबी.

आधी त्यांनी दुसऱ्या गटाचं बघून, बोलण्याच्या सिमवर असतो तसा रोज दीड जीबीचा पॅक घ्यायचं मनात धरलं होतं. त्या पॅकमध्ये अठ्ठावीस दिवसांत 42 जीबी मिळतात. ऐकायला खूप वाटतं. पण रोजचा डेटा रात्री बारा वाजता संपतो, उद्यासाठी उरत नाही. टॅब आठवड्यातले सहा दिवस कपाटात असणार, म्हणजे ते सगळं वाया. आणि सभेच्या दिवशी 1.6 जीबी लागतो, तर दीड जीबीला वेग पडणार, व्हिडिओवरचं बोलणं नेमकं शेवटी अडणार. जास्त पैसे मोजूनही कामाच्या दिवशी कमी पडणार! त्यांना एकगठ्ठा मिळणारा आणि महिनाभरात कधीही वापरता येणारा आठ-दहा जीबीचा डेटा हवा होता. डेटा सिमवरच्या योजना बऱ्याचदा अशा एकगठ्ठा असतात, म्हणून त्यांचं डेटा सिम टॅबपुरतं बरोबरच होतं. चूक झाली ती नंबर लेबलावर छापण्यात.

ज्या गटाचा टॅब रोज चार तास चालतो, त्यांचा हिशोब उलटा येईल. त्यांना रोजचा पॅकच परवडेल.

दुकानात आणखी एक गल्लत होते. "डेटा सिम" वेगळं आणि "डेटाचा रिचार्ज" वेगळा. साध्या सिमवर मारायचे छोटे डेटा पॅक हे जोडपॅक असतात. मूळ पॅक संपलेला असेल तर बरेच जोडपॅक चालत नाहीत, पैसे मात्र जातात. म्हणून पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. या सिमवर फोन आणि एसएमएस येतात का? डेटा रोजचा आहे की एकगठ्ठा? आणि हा पॅक एकटा चालतो की त्याला मूळ पॅक लागतो?

बँकेचा नंबर असलेल्या बटणाच्या फोनचं काय करायचं? त्याला इंटरनेट नको असतं, तरी आपण इंटरनेटसकट महागाचे पॅक मारत होतो. डिसेंबर 2024 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने कंपन्यांना सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला निदान एक पॅक ठेवलाच पाहिजे. आता तसे पॅक मिळतात. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, आपण विचारायचं. हा नंबर बंद पडू देऊ नका. प्रीपेड सिम नव्वद दिवस कशालाच वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग गटाच्या खात्याचे संदेश परक्याच्या फोनवर जातील.

डेटा सिमचीही एक काळजी घ्यावी लागते. पॅक संपत आल्याचा संदेश त्याच नंबरावर येतो आणि टॅबवर तो दिसत नाही. म्हणून सिम घेताना संपर्कासाठी सचिवताईंचा फोन नंबर नोंदवा. टॅबच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर सिमचा नंबर, सिम कोणाच्या नावावर आहे ते, आणि पॅक संपायची तारीख लिहा. त्या गटाच्या चिठ्ठीवर खाली लाल अक्षरात लिहिलंय, "हा नंबर कोणाला देऊ नये."

आणि अडीअडचणीला 112 लावायचं असेल, तर न बोलणाऱ्या टॅबवर विसंबू नका. सभेच्या जागी एक साधा, चार्ज केलेला फोन असू द्या.

पापडाच्या गटाने शेवटी काय केलं? टॅबमधलं डेटा सिम तसंच ठेवलं. बँकेचा नंबर बटणाच्या फोनमध्येच राहू दिला. मागण्यांसाठी अध्यक्षकाकूंचा फोन नंबर ठरवला, कारण त्या दिवसभर घरी असतात आणि फोन उचलतात. उरलेल्या तीनशे लेबलांवर नव्या नंबराच्या चिकटपट्ट्या लावल्या. त्या लावायला सगळ्या जणी एक दुपार बसल्या होत्या. पण पट्ट्या लावण्याआधी काकूंनी एक काम केलं. शेजारणीच्या फोनवरून तो नंबर लावला, एक एसएमएस पाठवला, आणि दोन्ही आल्यावरच म्हणाल्या, "हां, आता चिकटवा."

तुमच्या गटाचा नंबर पाकिटावर, पाटीवर, बँकेत किंवा कोणत्याही फॉर्मवर लिहाल, त्याआधी एवढं करा. दुसऱ्या फोनवरून त्यावर एक फोन आणि एक एसएमएस. दोन्ही आले तरच तो नंबर लोकांना द्या.